पालथी उत्तरं

घोडेगावच्या ताईंमुळे मी राहुरीत टिकले. हे आधीच सांगून टाकते, कारण सांगायला बसले की मी भरकटते आणि श्रेय भलत्यालाच जातं. ताईंचं नाव लिहीत नाही. त्यांनीच दम दिलाय, "वहिनी, माझं नाव कुठं आलं तर बघा." ताई खरं तर माझ्यापेक्षा वयाने लहान, पण मी काम करते त्या क्लासमध्ये सगळेच त्यांना ताई म्हणतात, सरसुद्धा. मग मी कशाला वेगळं म्हणू? गणितात बी.एस्सी. केलेल्या, त्याच क्लासमध्ये शिकवायच्या, राहुरीत आत्याकडे राहायच्या आणि बाजाराच्या दिवशी हमखास गावी जायच्या. वडील म्हशींचा व्यापार करतात. समोरच्याला एका नजरेत तोलायची सवय त्यांना तिथूनच लागली असावी. मला पहिल्यांदा बघितलं तेव्हा त्या म्हणाल्या होत्या, "वहिनी, तुमी घाबरट हाय, पन कामाच्या हाय."

घाबरट तर मी आहेच. मी सिंधुदुर्गातली. आठवी पास झाले, नववीचं हायस्कूल खाडीपलीकडे, आणि त्याच वर्षी होडीवाला मुंबईला गेला. दुसरा होडीवाला काही मिळाला नाही आणि माझी शाळा तिथेच अलीकडच्या काठाला राहिली. पुढे लग्न झालं. आमचे हे कलमं बांधण्यात पटाईत. राहुरीजवळच्या एका रोपवाटिकेने त्यांना बोलावलं, खोली दिली, आणि आम्ही इतक्या लांब आलो. इथे सगळं सपाट. ऊस संपला की मका, मका संपला की कांदा. पहिले काही महिने मी कुणाशी बोलायलाही बिचकायचे, कारण मी तोंड उघडलं की लोक हसायचे. वाईट नाही हसायचे, पण हसायचेच.

क्लासमधलं काम ताईंनीच मिळवून दिलं. आमच्या खोलीपासून जवळच, मेडिकलच्या वरच्या मजल्यावर अकरावी-बारावीचा क्लास. दहावीची परीक्षा दिलेल्या मुलांसाठी तिथे मे महिन्यात ब्रिज कोर्स चालतो. म्हणजे अकरावीचं गणित अंगावर यायच्या आधी थोडी तोंडओळख. हजेरी घ्यायला, फोन उचलायला आणि मुलांचे सरावाचे कागद तपासायला सरांना एक माणूस हवं होतं. सर म्हणाले, "शिक्षण?" मी म्हटलं, "आठवी." सरांनी ताईंकडे बघितलं. ताई म्हणाल्या, "सर, तपासायला नमुना असतो. नजर चांगली पाहिजे आनि प्रामाणिकपणा. दोन्ही हाय."

"ब्रिज कोर्स संपेपर्यंत बघू," सर म्हणाले. "जमलं तर जूनपासून कायम. आणि कायम झालात तर सतरा नंबरचा फॉर्म भरून बाहेरून दहावीला बसा. गणित मी बघतो."

मी त्या रात्री झोपले नाही. दहावी! मला वाटलं होतं ते दार आता बंदच. म्हणजे माझ्यासाठी सगळं त्या मे महिन्यावर होतं. कागद नीट तपासले तर राहणार, नाहीतर परत खोलीत बसून खिडकीतून मका बघणार. आईला फोन केला तर ती म्हणाली, "तू कागद तपासतंस? देवा म्हाराजा!" तिला आनंद झाला होता, पण ऐकायला ते तसं वाटलं नाही.

तर ते कागद. विषय होता असमानता आणि संख्यारेषा. मुलं त्याला नंबर लाइनच म्हणत. कागदावर एकाखाली एक दहा प्रश्न, प्रत्येकाखाली एक आडवी रेषा छापलेली, मधोमध शून्य, डावीकडे उणे पाचपर्यंत, उजवीकडे पाचपर्यंत. प्रश्न असा असायचा: एक्स > २. मुलांनी दोनच्या आकड्यावर गोळा काढायचा आणि उत्तर ज्या बाजूला आहे ती बाजू जाड रेघेने रंगवायची, टोकाला बाण. दोन स्वतः उत्तरात नसेल तर गोळा रिकामा, असेल तर भरीव. एवढंच. पण सगळं त्या एवढ्यावरच. सरांचा नियम कडक: प्रश्नाला दोन गुण, गोळा चुकला तर एक कापायचा, दिशा चुकली तर दोन्ही.

पहिल्याच आठवड्यात मी घोटाळा केला. मीच एक युक्ती शोधून काढली होती. चिन्हाची चोच जिकडे, तिकडे रंगवायचं. एक्स > २, चोच उजवीकडे, रंग उजवीकडे. सगळीकडे जुळत होतं. मी खूश. मग एक प्रश्न आला: ३ < एक्स. चोच डावीकडे. मुलांनी मात्र उजवीकडे रंगवलेलं. मी सगळ्यांच्या त्या प्रश्नावर लाल फुली मारली, अगदी ठसक्यात.

ताईंनी गठ्ठा चाळला आणि कपाळाला हात लावला. "अवो वहिनी, तीन एक्सपेक्षा लहान, म्हंजे एक्स तीनपेक्षा मोठा. एक्स पलीकडच्या अंगाला बसलाय, म्हनून चोच फिरली."

"मग चोचीचं काय?"

"चोच कोंबडीला. हितं आकडा टाकून बघायचा."

सरांना कळलं. ते रागावले नाहीत, पण म्हणाले, "तुम्ही डोकं चालवू नका. मी नमुना देतो तो कागदावर ठेवायचा, जुळलं तर बरोबर, नाही जुळलं तर चूक. दयामाया नको." हे मी मनावर कोरून घेतलं. डोकं चालवायचं नाही.

सरांचा नमुना म्हणजे पारदर्शक प्लास्टिकचा कागद. त्यावर मार्करने फक्त गोळे आणि जाड रेघा काढलेल्या. आकडे नाहीत, प्रश्नांचे नंबर नाहीत. मुलाच्या कागदावर तो ठेवला की सरांचं उत्तर मुलाच्या उत्तरावर बसायचं. बसलं तर टिक. काम इतकं भराभर व्हायचं की मला गंमत वाटायला लागली. ताई प्रत्येक नव्या प्लास्टिकचा वरचा उजवा कोपरा कात्रीने उडवायच्या. का, ते मी कधी विचारलं नाही. मला वाटायचं, शोभेसाठी असेल.

त्या दिवशी ताई सकाळी आल्या नव्हत्या. आत्याला दवाखान्यात न्यायचं होतं. सर एका लग्नाला कोल्हारला गेले होते आणि जाताना नवं प्लास्टिक माझ्या टेबलावर ठेवून म्हणाले, "हे जरा महत्त्वाचं. याच्यावरून बॅचा पाडायच्या आहेत. दुपारपर्यंत गुण पालकांच्या ग्रुपवर टाका." मी म्हटलं, "हो सर." पोटात गोळा आला. भरीव.

मे महिना, वर पत्रा, पंखा गरम वारा फेकतोय. हाताला घाम. दोन-तीन कागद झाले नाहीत तोच माझ्या तळव्याला सरांच्या मार्करची शाई लागली. एका भरीव गोळ्याची कड फिसकटली. मी हादरले. सरांचा नमुनाच पुसला गेला तर? मग मी हुशारी केली. प्लास्टिक पालथं घातलं, शाईची बाजू खाली, कोरडी बाजू वर. आता हात कितीही ओला असो, शाईला लागणार नाही. मला स्वतःचं कौतुक वाटलं. आधीचे दोन-तीन कागदही, शाई लागली म्हणून शंका नको, असं म्हणून मी पुन्हा नव्याने तपासले.

आणि मग काय विचारता, कागदांवर फुल्याच फुल्या. कुणाचंही फारसं काही जुळेना, आधी टिक मारली होती तिथेही; मी म्हटलं, तेव्हा फिसकटल्या शाईने फसवलं असेल. मला वाटलं, पोरांनी अभ्यास केलेला नाही. उन्हाळा आहे, आंबे आहेत, मुळा डॅमवर पोहायला जातात, कशाला करतील? मनातल्या मनात त्यांना दोन शब्दही सुनावले. बहुतेकांना वीसपैकी दोन, काहींना शून्य. फक्त एकाला चार. मी सगळे गुण नीट लिहिले, फोटो काढला, पालकांच्या ग्रुपवर टाकला आणि डबा उघडला.

भाकरीचा दुसरा घास घेतला असेल, तोच फोन वाजायला लागला. मग थांबेचना. मी फोन उशीखाली ठेवतात तसा हजेरीपटाखाली ठेवला. अर्ध्या तासाने ते चार गुणवालं पोरगं जिना चढून आलं. क्लासमधलं सगळ्यात वांड. वर्गात मागच्या बाकावर बसून पुढच्यांच्या वेण्या बाकाला बांधणारं. त्याच्या हातात वडापावची पिशवी.

"मॅडम, हे घ्या. मी पयला आलो म्हनून मित्रांनी माझ्याकडनं वडापाव काढले. एक तुमाला."

"अभिनंदन," मी म्हटलं.

ते जायला निघालं, दारात थांबलं, डोकं खाजवलं. "मॅडम, पन मी पयला कसा काय? काय तरी गडबड हाय बरं का. तुमी एकदा बघा. माझ्या घरचे पन म्हनत्यात, मोबाईल बिघडलाय."

ते गेलं आणि त्याच्याच जागी दारात एक गृहस्थ उभे. पांढरी टोपी, पायजमा गुडघ्यापर्यंत दुमडलेला, मागे त्यांची मुलगी. ही मुलगी मला माहीत होती. पहिल्या बाकावरची, पेन्सिलला टोक करकरून पेन्सिली संपवणारी. तिचे डोळे लाल झाले होते.

"हितं गुण कोन देतं?" गृहस्थ म्हणाले.

मी उठून उभी राहिले. आमच्याकडे पाहुणा आला की उठतात, तशी नाही. शाळेत सर आत आले की उठतात, तशी. "मी."

"माझी पोरगी शाळंत गणितात कवा मागं न्हाई. तिला दोन? ईस मधनं दोन? आन त्या वेणी बांधनाऱ्याला चार?"

नेमक्या त्याच वेळी, देवाने पाठवल्यासारख्या, ताई जिना चढून वर आल्या. खांद्यावर पर्स, हातात आत्याची औषधं. काय झालं ते त्यांनी माझ्या तोंडाकडे बघूनच ओळखलं. "काका, बसा. पानी घ्या. वहिनी, गठ्ठा द्या इकडं."

त्यांनी कागद पत्त्यांसारखे पिसून एकेकावर नजर टाकली. मग थांबल्या.

"वहिनी, सगळ्यांचं एकच बरोबर. आनि तेपन सातवंच?"

मी बघितलं. खरंच. ज्यांना दोन होते, त्यांचे दोन्ही गुण सातव्या प्रश्नाचे. उणे दोनपासून दोनपर्यंत, दोन्हीकडे भरीव गोळे.

ताईंनी प्लास्टिक उचललं, उजेडात धरलं, माझ्याकडे बघितलं. "कोपरा न्हाई कापलेला. वहिनी, तुमी हे कोनत्या अंगानं ठेवलं हुतं?"

"पालथं. शाई हाताला लागत होती म्हणून."

ताई खुर्चीत बसल्या आणि हसायला लागल्या. मला रडू येत होतं आणि त्या हसत होत्या. "अवो, आरशात बघून तपासलं तुमी! उजवीकडचं डावीकडं, दोनचं उणे दोनवर. शून्य मधोमध, म्हनून रेघा बरोबर बसल्या, तुमाला कळायचं कसं? सातवं तेवढं दोन्हीकडनं सारखं. उणे दोनचं दोनवर गेलं, दोनचं उणे दोनवर, आनि चित्र तेच राहिलं. म्हनून तेवढं जुळलं." मग त्यांनी वांड पोराचा कागद ओढला. "आनि हे बघा. नववं. उणे एक्स चारपेक्षा मोठा किंवा बरोबर. ह्यानं उणेचं चिन्ह खाऊन टाकलं. उत्तर पायजे उणे चारच्या डावीकडं, ह्यानं काढलं चारच्या उजवीकडं. चुकला त्यो, पन तुमच्या आरशात बरोबर बसला. हे पयलं पोरगं बघितलं मी, चुकून पयलं आलेलं."

काकांना अर्धं कळलं. ते म्हणाले, "म्हंजे माझी पोरगी बरोबर हाय?"

"बघू ना. परत तपासायचंय."

मला वाटलं, ताई प्लास्टिक सुलटं ठेवून दोन मिनिटांत करून टाकतील. त्यांनी प्लास्टिक घडी करून पर्समध्ये कोंबलं. "वहिनी, तुमी तपासा. प्लास्टिकशिवाय."

"मी? सर म्हणालेत डोकं चालवू नका."

"सर येतीलच चारपर्यंत. आल्यावर विचारतील की हे कुनी केलं. मी तपासून दिलं तर म्हनतील, मग ह्या वहिनींना कशाला ठेवायचं? तुमाला जूनमध्ये हितं राहायचंय का न्हाई?"

"राहायचंय."

"मग घ्या पेन."

पहिला कागद काकांच्याच मुलीचा घेतला. मुद्दाम नाही, वरच होता. ताईंनी दुसरा प्रश्न दाखवला. एक्स उणे एकपेक्षा लहान किंवा बरोबर. "गोळा रिकामा का भरीव, सांगा." मी त्यांच्या पर्सकडे बघितलं. ताई काकांकडे वळल्या. "काका, दूध डेअरीला घालता ना? फॅट किती लागती?"

"साडेतीन. गाईच्या दुधाला."

"बरोबर साडेतीन लागली तर घेत्यात का परत पाठवत्यात?"

"घेत्यात की. न घ्यायला काय झालं? तीन पॉइंट चार लागली तर नाक मुरडत्यात."

"वहिनी, साडेतीनला घेत्यात. मग साडेतीनवर गोळा कसा?"

"भरीव," मी म्हटलं.

"आनि एसटीत पाच वर्साच्या आतलं पोरगं फुकट. पाच पुरं झालं तर?"

"अर्धं तिकीट काढत्यात," काका म्हणाले. त्यांना आता मजा वाटायला लागली होती. "आन आमची बायको म्हनती, चारच वर्साचा हाय."

"मग फुकटवाल्यांच्या रेषेत पाचवर?"

"रिकामा," मी. आणि मला अचानक कळलं. गोळा म्हणजे दुसरं काही नाही, त्या आकड्यालाच विचारायचं, तू आत येतोस का? येतो म्हणाला तर भरायचा, नाही म्हणाला तर रिकामा ठेवायचा.

"आता दिशा. चोच इसरा. रंगवलेल्या बाजूचा एखादा सोपा आकडा घ्या आनि प्रश्नात टाका. खरा ठरला तर बाजू बरोबर. शून्य घेता आलं तर शून्यच घ्या, सगळ्यात सोपा."

पाचवा प्रश्न होता उणे दोन एक्स < ६. मुलीने उणे तीनवर रिकामा गोळा काढून उजवीकडे रंगवलं होतं. मी शून्य टाकलं. उणे दोन गुणिले शून्य, शून्य. शून्य सहापेक्षा लहान, खरं. शून्य उणे तीनच्या उजवीकडे, रंगवलेल्या बाजूला. बरोबर. मग उणे तीन स्वतः? उणे दोन गुणिले उणे तीन, सहा. सहा सहापेक्षा लहान नाही. आत येत नाही, म्हणून रिकामा. बरोबर! मी टिक मारली. इतकी मोठी टिक मारली की ती सहाव्या प्रश्नात घुसली.

मग मी सुटलेच. ताई समोर बसून आत्याच्या औषधांच्या चिठ्ठ्या लावत होत्या, पण नजर माझ्या पेनवर. मी चुकले की त्या नुसतं खाकरायच्या. काका शेजारच्या बाकावर बसून मुलीला विचारत होते, "हे कसं गं?" आणि मुलगी त्यांना सांगत होती. आमच्या क्लासमध्ये एवढं शिकणं एका वेळी कधी झालं नसेल.

पण मुलीच्या कागदावर एक प्रश्न राहिला होता. तोच दुसरा. उणे एकवर तिचा गोळा ना धड रिकामा ना भरीव. कडेने शाई पसरलेली, मध्ये मात्र एक पांढरा ठिपका. उत्तर भरीव हवं होतं. मी ताईंकडे बघितलं. ताई औषधांकडे बघत होत्या. खाकरल्या पण नाहीत.

"भरलेलाच हाय त्यो," काका म्हणाले. "शाई दिसती की."

मी तिचे बाकीचे गोळे बघितले. तिचे भरीव गोळे एकदम गच्च, पेन गिरवून गिरवून. रिकामे गोळे एका फटक्यात, गोल. हा एका फटक्यात काढलेला होता. फक्त तिथे पेन थोडं फुटलं होतं आणि शाई कडेला पसरली होती. काका समोर, मघाशी रागावलेले, माझी नोकरी अशी टांगलेली. मनात आलं, द्यावा एक गुण, काय जातंय? पण सगळ्यांच्या कागदांवर मी आज दिवसभर चुकीच्या फुल्या मारलेल्या. आता चुकीची टिक मारायची मला भीती वाटली.

"हा रिकामा आहे," मी म्हटलं. "एक गुण कापते."

"अवो बाई, आधी सगळे खाल्ले, आता परत एक खाताय?"

"बाबा," मुलगी हळूच म्हणाली, "मी रिकामाच काढला हुता. बरोबरचं चिन्ह बघायचं राह्यलं."

काकांनी टोपी काढून डोक्यावरून हात फिरवला. "मग कापा," म्हणाले. "किती झाले?"

"एकोणीस."

"दोनाचे एकोनीस!" ते उठून उभेच राहिले. जिना उतरताना त्यांचा आवाज येत होता, "पन त्यो एक कशाला घालवला गं?"

सर चार वाजता आले, लग्नातला फेटा अजून डोक्यावर. ग्रुपवरचे मेसेज वाचतच आले होते. ताईंनी त्यांना बसवलं, पाणी दिलं, आणि काय झालं ते आत जाऊन सांगितलं. पालथं प्लास्टिक, शाई, घाम, सगळं. माझ्यासाठी त्यांनी काही लपवलं नाही. मी बाहेर हजेरीपट धरून उभी होते.

सरांनी मला आत बोलावलं. पुढ्यात मी तपासलेला गठ्ठा. त्यांनी मधूनच एक कागद काढला, स्वतः पाहिला. मग दुसरा. मग तिसऱ्यावर बोट ठेवलं. "तिसरा प्रश्न. तीन, मग लहानचं चिन्ह, मग एक्स. चोच डावीकडे. तुम्ही उजवीकडचं बरोबर कसं दिलंत?"

"पाच टाकून बघितलं सर. तीन पाचपेक्षा लहान. खरं ठरलं."

"आणि तीनवर रिकामा का?"

"तीन तीनपेक्षा लहान नाही."

सरांनी फेटा काढून टेबलावर ठेवला, त्यातून अक्षता सांडल्या. मग म्हणाले, "प्लास्टिकवर मी प्रश्नाचे नंबर लिहायला हवे होते. सुलटी बाजू कळावी म्हणून कापतात तो कोपराही कापला नाही." ताई मान डोलवत होत्या, जणू हे त्यांनी कितीदा सांगितलंय. "ग्रुपवर नवे गुण टाका. खाली लिहा, आधीचे गुण रद्द, तपासणीत चूक झाली होती. कुणाची ते लिहू नका, क्लासची म्हणा. आणि सतरा नंबरच्या फॉर्मला शाळा सोडल्याचा दाखला लागतो. तुमच्याकडे आहे का गावी?"

मला आधी कळलंच नाही ते काय विचारतायत. दाखल्याचं का विचारतायत? ताईंनी कोपराने मला ढोसलं, तेव्हा कळलं. मी "हो सर" म्हटलं आणि बाहेर येऊन आधी जिन्यात बसून घेतलं. वांड पोराचा वडापाव टेबलावर तसाच गार झाला होता. नव्या तपासणीत त्याचं नववं गेलं, पण बाकीचं बरंच त्याने बरोबर सोडवलं होतं, बारा मिळाले. ते म्हणालं, "चार मिळाले तवा पयला, बारा मिळाले तवा शेवटनं तिसरा. मॅडम, वडापाव वाया गेले की."

आईने गावाहून दाखला पाठवला, घडीत दोन काजूगर घालून, का ते तिलाच ठाऊक. मी आता कायम आहे. या वर्षी दहावीला बसते आहे. भूमितीला अजून घाम फुटतो. संख्यारेषेचा कागद आला की मात्र मुलं म्हणतात, "गोळ्याचं वहिनींना दाखवा, त्यांना फसवता येत न्हाई." मला ते ऐकून अजून भीतीच वाटते, पण चांगली.

ताई आता राहुरीत नाहीत. घोडेगावला स्वतःचा क्लास काढायच्या तयारीत आहेत. एक खोली बघून झालीय, फळा व्हायचाय. मी आभार मानायला फोन केला तर म्हणाल्या, "ते राहू द्या, भूमिती करा." म्हणून इथे लिहून ठेवते, म्हणजे त्यांना टाळता येणार नाही. ताई, तुमचा क्लास ज्या दिवशी सुरू होईल, त्या दिवसापासून पहिलं वर्षभर तुमचे सगळे कागद मी तपासून देईन. रविवारची एसटी धरून येईन. तुम्ही नको म्हणालात तरी येईन, आणि प्लास्टिक न वापरता, एकेक आकडा टाकून तपासीन.